यात भुईमूग आहे का?

नांदेडच्या हॉटेलवाल्यांना एक पुस्तक पाहिजे होतं. गुरुद्वाऱ्याला पंजाबातून, दिल्लीतून, पार कॅनडातून माणसं येतात. लंगरात जेवतात, पण दोन-चार दिवस मुक्काम पडला की बाहेरचं खावंसं वाटतं. हॉटेलात मागायचं कसं, तिखट कमी करा कसं म्हणायचं, बिल कसं विचारायचं, एवढं मराठीत शिकवणारं खिशात मावणारं पुस्तक टेबलावर ठेवलं तर गिऱ्हाईक रमतं, असं त्यांच्या संघटनेला कुणीतरी सांगितलं. मराठी वाक्य एका बाजूला इंग्रजी अक्षरात, खाली गुरुमुखीत, समोर अर्थ. काम आलं लातूरच्या एका कॉलेजात, मराठीचे विभागप्रमुख डॉ. शिवलिंग सर यांच्याकडं. सरांनी ते मनिषाकडं ढकललं.

मनिषा तिथं तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेचे नाहीत, आजारी पडलं तर मुळीच नाहीत. आणि दर जूनला पुन्हा सरांच्या दारात उभं राहायचं, यंदा तास देता का म्हणून. सरांनी काम सांगितलं की नाही म्हणायची सोय नाही. लातूरच्या अर्ध्या प्राध्यापकांची पुस्तकं अशीच लिहिली जातात. लिहितं एक आणि शाल घेतं दुसरं.

तिनं काम मात्र मन लावून केलं. शब्दकोश घेऊन घरी बसली नाही. नांदेडला गेली, गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर शेषेरावच्या हॉटेलात वही घेऊन बसली. तिथं जिलानी नावाचा वेटर होता. पिकलेली दाढी, खांद्यावर फडकं. गिऱ्हाईक त्याला मामा म्हणायचं.

"लिहा म्याडम," जिलानी म्हणाला. "'मामा, एक डाळवांगं, दोन भाकरी.' झालं. याच्यात काय पुस्तक करून राहिले तुम्ही?"

"आणि बिल?"

"'मामा, किती झालं?' न्हाईतर नुसतं बोटानं हवेत लिहायचं. ते तर साऱ्या दुनियेला कळतं."

"आणि एखाद्याला काही चालत नसलं तर?"

"उपास म्हणता?"

"उपास नाही. दाणे चालत नाहीत समजा. खाल्ले की घसा सुजतो, श्वास अडकतो. बाहेरच्या देशात खूप जणांना असतं तसं."

जिलानीनं भटारखान्याकडं तोंड केलं. "ओ साखराबाई, दाणे खाऊन माणूस मरतंय म्हणं."

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. "मग मराठवाड्यात एकबी जित्तं ऱ्हायलं नसतं," साखराबाई म्हणाली.

तिघंही हसले. मग जिलानी टेबलावर वाकला. "म्याडम, दाणे इचारून फायदा न्हाई. आपल्याकडं समद्यात कूट हाय. डाळवांगं घट व्हायला कूट, भेंडीत कूट, काकडीत कूट. दाणे हायेत का म्हटलं तर मी न्हाईच म्हणीन. ताटात दाणे कुठं दिसतेत? त्यास्नी म्हणावं, कूट हाय का, असं इचारा."

मनिषानं लिहून घेतलं. 'यात दाण्याचा कूट आहे का?' आणि त्याच्याखाली वेटर काय काय उत्तर देऊ शकतो तेही लिहिलं. 'हाव, हाय', 'न्हाई', 'इचारून सांगतो'. कारण नुसता प्रश्न शिकवून काय करायचं? माणूस प्रश्न पाठ करील, उत्तर कोणत्या पुस्तकातून ऐकणार?

लातूरला सरांनी लाल पेन काढला.

पहिल्यांदा 'मामा' गेला. "वेटरला मामा कसं म्हणतील परदेशी लोक? नातं जोडायचंय का?" तिथं आलं, 'सेवक, कृपया इकडे यावे.' 'किती झालं'चं 'एकूण देयक किती झाले?' झालं. उत्तरं तर सगळीच्या सगळी खोडली. "हाव, न्हाई, हे छापायचं? पुस्तकावर माझं नाव जाणार आहे."

मग सर कुटावर आले. "कूट म्हणजे? कूटप्रश्न वाटतो हा." स्वतःच्या विनोदावर ते थोडं हसले. कपाटातून शब्दकोश काढला, बोट फिरवलं. "हे बघा. भुईमूग. 'यात भुईमूग आहे का?' सुटसुटीत आणि शुद्ध."

"सर, भुईमूग रानात असतो," मनिषा म्हणाली. "ताटात आला की त्याला दाणे म्हणतात, कुटला की कूट. हॉटेलात भुईमूग कुणी म्हणत नाही."

"तुमच्या वस्तीत म्हणत नसतील."

वस्ती. एवढा एकच शब्द. तो ऐकला की बौद्धाच्या पोरीनं गप्प बसायचं असतं, हे त्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बाबासाहेबांचा फोटो प्राचार्यांच्या केबिनमध्ये मोठा लावलाय. वस्तीही तिथंच आहे, त्याच्या बरोबर खाली. मनिषा गप्प बसली नाही. म्हणाली, "सर, हा चवीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे." सरांनी पान उलटलं.

पुस्तक छापून आलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात 'संकलन साहाय्य' म्हणून तिचं नाव होतं. आडनाव चुकलेलं.

शेषेरावच्या हॉटेलात पुस्तकानं पहिल्यांदा मजाच आणली. लुधियानाचे जाडजूड सरदारजी "सेवक, कृपया इकडे यावे" असं एकेक अक्षर लावून वाचायचे आणि भटारखान्यात हशा पिकायचा. साखराबाई जिलानीला हाक मारायची, "ओ सेवक, कृपया ताटं उचलावे." जिलानी म्हणायचा, "नोकरी तीच हाय बाई, नाव तेवढं मोठं झालं."

जसलीन त्या पुस्तकावर फार खूश होती. कॅनडात जन्मलेली, कॉलेजातली मुलगी. बाप आणि भावाबरोबर गुरुद्वाऱ्याला आलेली. बाप दर्शनाला गेलेला. ती आणि भाऊ दुपारी शेषेरावच्या हॉटेलात आले. पंजाबी तिला समजायची, बोलताना मोडकी यायची, हिंदी जवळजवळ नाहीच. पण पुस्तकातून मराठी वाचत होती आणि समोरचा माणूस हलत होता, पाणी आणत होता, ताट मांडत होता. त्या वयात याचा आनंद होतो.

डाळवांगं आलं. तिनं घास घेतला नाही. पुस्तकाचं ते पान उघडलं, ताटाकडं बोट केलं आणि वाचलं. पंजाबी घरातल्या तोंडी सुरुवातीचा 'भ' नीट बसत नाही, तो 'प' होऊन पडतो.

"यात पुई मूग आहे का?"

पंखा घरघरत होता. शेजारच्या टेबलावर मोबाईलवर कुणीतरी भाषण लावलेलं. जिलानीनं कान पुढं केला. त्याला ऐकू आलं ते मूग. डाळीचं ताट, डाळीकडं बोट, आणि मूग. मूग खाल्ला की पोट फुगतं असं कुणाकुणाचं असतं.

"न्हाई न्हाई ताई," तो मान हलवत म्हणाला. "मूग न्हाई. तूर हाय. बिनधास खावा."

'न्हाई' तिला कळलं. ते मान हलवण्यातूनच कळतं. पुढचं तिच्या पुस्तकात नव्हतं, सरांनी खोडलं होतं. तिनं पुस्तकात बघून 'धन्यवाद' म्हटलं आणि भाकरी मोडली.

तिनं पुस्तक बाजूला ठेवून मोडक्या पंजाबीत नुसतं मूंगफली म्हटलं असतं तर जिलानीनं ताट उचलून नेलं असतं. त्याच्या घरात तोच शब्द बोलतात. "फल्ली? हाव बेटा, फल्ली का कूट है, मत खाओ." जगली असती पोरगी. पण हातात शुद्ध मराठी होती.

थोड्या वेळानं ती ओठ चोळायला लागली. तिखट लागलं असेल म्हणून जिलानी ताक घेऊन आला. तिनं ताकाकडं बघितलं नाही. पुस्तकाची पानं उलटायला लागली, भराभर, शेवटाकडं, बिलाच्या पानावर. बाहेर पडायचं होतं तिला. "एकूण... देयक..." एवढंच निघालं. आवाज घोगरा, अडकलेला. जिलानीला वाटलं, शब्द अवघड हाय, कुणालाबी अडकतो. तो हसला. मग तिचा भाऊ उठला, खुर्ची पडली, आणि जिलानीचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

दाणे पोटात गेले की लगेच मांडीत टोचायची तिची सुई लॉजवर बॅगेत राहिली होती. भाऊ पळाला. जिलानीनं आणि साखराबाईनं तिला उचलून रिक्षात घातलं. भाऊ सुई घेऊन दवाखान्यात पोचला तोवर तिच्या नाकातोंडाला नळ्या लागल्या होत्या. त्या पुन्हा निघाल्या ती मेल्यावरच.

भावानं पोलिसात दिलं. विचारलं होतं, वेटर नाही म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या. शेषेराव म्हणाला, "मी त्याला शंभरदा बजावलं होतं, कूट हाय म्हणून सांगत जा." ही खोटी. भटारखान्यात कूट नुसता डब्यात भरलेला, त्यावर कसलीही चिठ्ठी नाही, आणि मालकानं आजवर कुणाला काही बजावलं असेल तर एवढंच, की डाळ पातळ करा.

जिलानीनं मनिषाला फोन केला. नंबर तिनंच दिला होता, पुस्तक आलं की एक प्रत देईन म्हणून.

"म्याडम, त्या पानावर काय लिवलंय ते येऊन सांगा साहेबाला. मी मूग ऐकला हो. अल्लाची शपथ, मूग ऐकला."

मनिषानं पान डोळ्यांसमोर आणलं. भुईमूग. शब्दाच्या पोटातच मूग होता. ती कूट, कूट करत भांडली, सर शुद्ध, शुद्ध करत बसले, आणि हे दोघांनाही दिसलं नव्हतं.

निघण्याआधी सरांचा फोन आला. त्यांना बरोबर कळलं होतं. "मनिषा, पुस्तकात चूक नाही. शब्दकोशात आहे तोच शब्द आहे. तुम्ही तिथं जाऊन चूक आहे म्हणालात तर ते माझ्यावर येतं. आणि जून फार लांब नाही."

"मला माहितीय सर, जून कधी असतो ते."

अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली. ठाण्यात जिलानी बाकड्यावर बसला होता, फडकं अजून खांद्यावरच. शेजारी त्याची मुलगी सबिहा, डबा घेऊन. डबा उघडलेला नव्हता.

फौजदारानं मनिषाचं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. चहा मागवला. पुस्तक उलटसुलट केलं, वाक्य दोनदा वाचलं.

"म्याडम, पोरीनं मूग इचारला का भुईमूग?"

"भुईमूग. पण याला मूग ऐकू आला. पंजाबी तोंडात भुईचं 'पुई' होतं. आणि हॉटेलात भुईमूग कुणी म्हणतच नाही."

फौजदारानं दाराकडं बघितलं. "जिलानी, इकडं ये. भुईमूग माहीत हाय का तुला?"

"हाव साहेब."

"नीट सांग. काय असतंय?"

"शेंगा येतेत की. भोकरला आमच्या मामूच्या रानात लावतेत दरसाल. उपटायला जातो आम्ही."

फौजदार मनिषाकडं वळला. "बघा. माहीत हाय त्याला."

"रानातला माहीत आहे. ताटातला..."

"थांबा. जिलानी, त्या डाळीत भुईमूग होता का?"

जिलानी गोंधळला. खरं बोलायला आलेला माणूस, त्यानं खरं ते सांगितलं. "भुईमूग कसा असल साहेब डाळीत? तुरीची डाळ हाय, वांगं हाय, कूट हाय."

"म्हणजे अजूनबी तू न्हाईच म्हणतो."

"न्हाईच की साहेब."

रायटरनं लिहून घेतलं. 'सदर पदार्थात भुईमूग असताना आरोपीने तो नसल्याचे सांगितले व आजही सांगत आहे.' वाचून दाखवलं. जिलानीनं मान डोलावली. हाव, असंच बोललो. त्याच एका शब्दानं त्याला दुसऱ्यांदा धरलं आणि त्याला पत्ताही लागला नाही.

"साहेब, हे बघताय ना तुम्ही?" मनिषा म्हणाली. "आत्ता तुमच्यासमोर झालं. तिथं झालं तेच झालं. त्याला कूट आहे का विचारा."

फौजदारानं विचारलं. "कूट हाय का डाळीत?"

"हाव. लई हाय," जिलानी म्हणाला.

रायटरनं पेन उचललेलाच ठेवला. मग फौजदारानं चहाचा कप खाली ठेवला.

"म्याडम, मला कळलं. पण कागदावर काय येणार? पुस्तकातला शब्द बरोबर हाय. तुमच्या सरांनी फोन केला होता, शब्दकोशाचा फोटोबी पाठवलाय. पोरीनं बरोबर शब्द इचारला. ह्यानं न्हाई म्हटलं. बरोबर इचारणाऱ्याला चूक उत्तर दिलं तर चूक कुणाची?"

"तुम्हीच सांगा, तुम्ही घरी काय म्हणता?"

"घरी कूटच म्हणतो हो," फौजदार म्हणाला. "हे घर न्हाई."

तिचा जबाब झाला. रायटर तिच्या तोंडून 'कूट' ऐकायचा आणि कागदावर 'भुईमुगाची भुकटी' उतरवायचा. तिनं सही करायला नकार दिला. म्हणाली, मी जे बोलले तेच लिहा. कूट. तो म्हणाला, कोर्टात असलं चालत न्हाई. शेवटी तिनं पेन ओढून घेतला, भुकटी खोडली, स्वतःच्या हातानं कूट लिहिलं, शेजारी सही केली. पुढं, संपादकांना मी हा शब्द बदलू नका म्हणून सांगितलं होतं, हेही लिहिलं. सरांच्या नावासकट. त्या एका ओळीनं तिचा जून संपला. तिला ते लिहितानाच कळलं होतं.

बाहेर बाकड्यावर पांढऱ्या दाढीचा उंच माणूस बसला होता. हातात तेच पुस्तक. मुलीचं शव विमानानं न्यायचे कागद पुरे व्हायचे होते. मनिषा त्याच्यासमोर उभी राहिली आणि हिंदीत सांगितलं. सगळं, एका दमात.

त्यानं पान उघडलं, गुरुमुखीतली ओळ बघितली. "मूग," तो म्हणाला. "मूंगफली में भी तो मूंग है."

"जी."

"तो मेरी बेटी ने ठीक पूछा था?"

"हां जी. ठीक पूछा था."

"और उस आदमी ने ठीक बताया था?"

"हां जी."

"फिर?"

त्यानं बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या जिलानीकडं बघितलं. जिलानी उठून उभा राहिला, हात जोडले. बाप त्याच्याकडं बघत राहिला, राग नाही, दया नाही, जसं माणूस न कळणाऱ्या भाषेकडं बघतो तसं. मुलानं आतून हाक मारली तेव्हा तो उठून गेला. तक्रार मुलाची होती. ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो शेषेरावच्या हॉटेलात आला. त्या दुपारचं बिल राहिलं होतं. गल्ल्यापाशी उभा राहून त्यानं पुस्तक उघडलं आणि अडखळत वाचलं, "एकूण देयक किती झाले?" शेषेरावनं आकडा सांगितला. पैसे घेतले. ताक धरून.

जिलानीवर हयगयीनं मृत्यू घडवल्याचा खटला उभा आहे. जामीन झाला, काम गेलं. तारखेला जातो. तिथं दर वेळी कुणीतरी 'भुईमूग' म्हणतं आणि दर वेळी त्याच्या मनात मामूचं रान येतं. मनिषा साक्षीदार आहे. जूनमध्ये तिचं नाव तासिकांच्या यादीत नव्हतं. सरांनी कारण दिलं, विद्यार्थीसंख्या घटली.

शेषेरावनं पुस्तकं फेकली नाहीत. पैसे घातले होते संघटनेनं. त्यानं प्रत्येक प्रतीतलं तेवढं पान फाडून काढलं, तेही साखराबाईला बसवून. तिनं फाडता फाडता विचारलं, "ह्या पानावर काय हाय मालक?" तो म्हणाला, "काही न्हाई. तुझा कूट."

पुस्तकं अजून टेबलावर आहेत. 'तिखट कमी करावे' झालं की पुढचं पान थेट बिलाचं येतं. परवा अमृतसरचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या म्हातारीनं पुस्तक डोळ्यांजवळ धरून नव्या वेटरला हाक मारली, "सेवक, कृपया इकडे यावे." तो हसत गेला. तिनं डाळवांग्याकडं बोट केलं, पानं पुढं-मागं उलटली, काहीतरी शोधलं, सापडलं नाही. मग पुस्तक मिटून ठेवलं आणि जेवायला लागली.